आकडा वाढवला त्याची चिठ्ठी

पहाटे ५.१०

डोंबिवली पूर्व. खाली किराणा आणि झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर जिम. जिन्याच्या तोंडाशी असलेलं शटर मॅडम दोन्ही हातांनी वर ढकलतात. इथे त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, आज दिवसभर त्यांच्यासोबत असलेला मीही तेच म्हणतो. कुलूप पिशवीत टाकून त्या मोबाईल माझ्यापुढे धरतात. काल रात्री पावणेअकराला आलेला मेसेज आहे: ‘मॅडम, ॲपमध्ये माझ्या कॅलरी १०५० च्या १६५० दिसतायत. चुकून टाईप झालं का? मला तर अजून लवकर कमी करायचंय. लग्नाला दोन महिनेच राहिलेत.’

‘चुकून नाही झालेलं,’ मॅडम म्हणतात. ‘पण हे एका ओळीत सांगण्यासारखं नाही. आज नीट लिहूनच पाठवणार आहे.’

५.२५

दिवे, पंखे, खिडक्या. गाणी सहानंतर, कारण वरच्या मजल्यांवर लोक झोपलेले असतात. रात्रीच्या बॅचची मुलं बारवर प्लेटा तशाच सोडून गेलीत. वीसच्या चार, दहाच्या दोन. मॅडम एकेक उतरवून स्टँडला लावतात. डंबेल्स विखुरलेली आहेत, ती वजनाच्या क्रमाने ठेवतात. मग बाकांवरून ओला फडका. झाडूपोछाला मावशी येतात, पण त्या साडेनऊला. तोवर घामाचे डाग कोण ठेवणार?

फ्लोअर ट्रेनर म्हणून मॅडमना महिना १४ हजार मिळतात. खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगची. महिन्याच्या १२ सेशनचे ६ हजार, त्यातले निम्मे जिमचे आणि निम्मे त्यांचे. सध्या अशी पाच माणसं आहेत. रात्रीचा मेसेज त्या पाचातल्याच एका ताईंचा आहे.

६.०५

ताई येतात. वय ३६, उंची १५८ सेंटीमीटर, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. जानेवारीत त्या ७२ किलो होत्या, आता ६३ च्या आसपास. दिराचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे आणि त्यांना त्याआधी आणखी पाच किलो उतरवायचेत.

चपला काढून त्या आधी काट्यावर उभ्या राहतात. ६३.९. चेहरा पडतो. ‘काल तर ६४.४ होतं,’ त्या म्हणतात. ‘शुक्रवारी ६२.६. खाल्लं काय असं मी?’

मॅडम वहीत आकडा लिहितात आणि गॉब्लेट स्क्वॉटसाठी १६ किलोचं डंबेल काढून देतात. ताई ते छातीशी धरून खाली बसतात, उठतात. सहाव्या वेळी उठताना कंबर आधी वर येते आणि छाती मागे राहते. आठव्याला थांबतात. मॅडम वहीचं जुलैचं पान उघडून माझ्याकडे सरकवतात. तेव्हा २० किलो, दहा-दहाचे तीन सेट. खाली पेन्सिलीने लिहिलंय, ‘अजून दोन झाले असते.’

सेटच्या मध्ये ताई तळवे एकमेकांवर चोळतात. पंख्याखालून बाजूला होतात. सप्टेंबरचा शेवट आहे, बाकी सगळ्यांना घाम फुटलाय.

‘मॅडम, ते सोळाशेचं...’

‘आत्ता बोलत बसलो तर तुमची पावणेआठची फास्ट जाईल. दुपारपर्यंत लिहून पाठवते. आणि दुपारच्या डब्यात काही कापू नका आज.’

७.१०

ताई निघतात. जिन्याच्या खाली शेअर रिक्षा उभी असते, त्यात बसतात. मॅडम खिडकीतून बघतात. ‘मे महिन्यात या चालत जायच्या स्टेशनला,’ त्या म्हणतात. ‘येतानाही चालत. जुलैपासून दोन्ही वेळा रिक्षा. विचारलं तर म्हणाल्या, उशीर होतो हो. उशीर तेव्हाही व्हायचाच की.’

पावलांचा हिशेब ताईंच्या घड्याळात आहे. मेमध्ये दिवसाला नऊ हजारांच्या घरात होती, आता साडेपाच हजार. दमलोय असं ताई कधीच म्हणत नाहीत. पाय आपापलं ठरवून मोकळे झालेत.

८.१५

एक काका येतात. साठीला टेकलेले. त्यांचंही वजन अडलंय आणि त्यांनी कुठेतरी रील पाहिलंय की कमी खाऊन मेटाबोलिझम बिघडतं, तेव्हा खाणं वाढवा म्हणजे वजन उतरेल. ‘माझंही वाढवा की,’ ते म्हणतात.

मॅडम त्यांचं वाढवत नाहीत. काकांच्या वहीत उचललेली वजनं महिन्यागणिक वर जातायत, झोप चांगली आहे, पावलं तेवढीच आहेत. पण कंबर एक इंचही हललेली नाही. ‘काका, संध्याकाळच्या चहाबरोबरचा चिवडा लिहिला का?’ काका गप्प. ‘आणि भाजीचं तेल?’ ते तर काकूंच्या हातात असतं, काकांना ठाऊकच नाही.

नंतर त्या मला सांगतात की वजन अडलेल्या दहा माणसांतल्या बहुतेकांचं कारण हेच निघतं. खाणं नोंदीपेक्षा जास्त असतं. खोटं कुणी बोलत नाही, मोजताच येत नाही. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. आम्ही कमी खाऊनही आमचं वजन उतरत नाही असं ठामपणे सांगणारी माणसं त्यात घेतली होती. त्यांनी प्रत्यक्ष खाण्याच्या जवळपास निम्मंच नोंदवलं होतं, आणि त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च मात्र हवा तेवढाच निघाला होता. म्हणून कॅलरी वाढवणं हे मॅडमचं शेवटचं हत्यार आहे, पहिलं नाही. ताईंच्या बाबतीत ते का काढलं, हे वहीत आहे.

१०.४०

सकाळची गर्दी ओसरते. मॅडम डबा उघडतात. दोन पोळ्या, मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकडी. खालून कटिंग चहा येतो, १० रुपये. पहाटे निघताना त्यांनी केळं खाल्लेलं असतं. दिवसाला शंभर-सव्वाशे प्लेटा उचलून ठेवणाऱ्या बाईला उपाशी राहून चालत नाही.

खाता खाता ताईंचं पान उघडतात. पाच आठवड्यांची सरासरी वजनं एकाखाली एक लिहिली आहेत: ६३.२, ६३.०, ६३.४, ६३.१, ६३.२. म्हणजे काटा हललेला नाही. पण बेंबीपाशी टेप लावून घेतलेलं माप ८४ वरून साडेब्याऐंशीवर आलंय. चरबी थोडी उतरली आणि तिची जागा काट्यावर पाण्याने भरून काढली, असा मॅडमचा अंदाज. फार कडक डाएटवर शरीर पाणी धरून ठेवतं, हे त्यांनी बऱ्याच जणींत पाहिलंय. काकांचं आणि ताईंचं वजन सारखंच अडलंय, पण वहीतले बाकीचे सगळे रकाने उलट्या दिशेने चाललेत.

११.३०

फ्लोअरवर कुणी नाही. काउंटरमागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन बसतात.

सोमवार ते शुक्रवार ताई खरोखर १०५० खातात. साडेतीनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा त्यांनी घेतलाय, तेलही मोजतात, फोटो पाठवतात. शनिवारी १९०० होतात. रविवारी २३००. ते आकडेही त्यांनीच प्रामाणिकपणे पाठवलेत, रडवेल्या चेहऱ्याच्या इमोजीसकट. पाच दिवसांचे ५२५०, दोन दिवसांचे ४२००. एकूण ९४५०. सातने भागलं की दिवसाला १३५०.

‘म्हणजे या १०५० वर नाहीतच,’ मॅडम म्हणतात. ‘त्रास मात्र १०५० चा काढतायत.’

आणि एक चक्र त्यांनी शोधून काढलंय. रविवारी भात, मीठ, गोड पोटात जातं. सोमवारी काटा दीड-दोन किलो वर. ताई घाबरतात आणि सोमवार-मंगळवार ठरल्यापेक्षाही कमी खातात. शुक्रवारपर्यंत रात्री तीनला भुकेने जाग यायला लागते. शनिवारी धीर सुटतो. ताईंना वाटतं आपल्याला संयम नाही. मॅडमना वाटतं की पाच दिवस १०५० वर काढणारी बाई संयमात कमी नाही, आकडाच चुकलाय.

१२.१०

आकडा वाढवण्याचं खरं कारण वेगळं आहे आणि ते त्यांनी गेल्या महिन्यातच धरलं होतं. ताईंची पाळी २९ दिवसांची. मेनंतर ती ४१ दिवसांनी आली, मग ५० व्या दिवसापर्यंत आलीच नाही. मॅडम प्रत्येक बाईच्या वहीत पाळीची तारीख लिहून घेतात, अगदी वजनाच्या शेजारच्या रकान्यात. तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते ताईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचं. प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी दुसरं कारण नाही याची खात्री करून घेतली आणि सांगितलं, खाणं वाढवा, व्यायाम थोडा आवरा, तीन महिन्यांनी परत या.

‘हे निदान माझं नाही,’ मॅडम स्पष्ट सांगतात. ‘ते डॉक्टरांचं. मी फक्त वाढवा म्हणजे किती, ते काढलं.’

कितीचा हिशेब त्या मला करून दाखवतात. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा वजा करायची. उरेल ती हृदय, मेंदू, पाळी, हाडं, उष्णता या सगळ्यांच्या वाट्याला. तिला चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या वजनाने भागायचं. ताईंची चरबी साधारण ३० टक्के धरली तर बाकीचं शरीर ४४ किलो. आठवड्याला तीन दिवस इथे वजनं आणि तीन दिवस झुंबा, दिवसाला सरासरी २५० कॅलरी. सोमवार ते शुक्रवारचे १०५० वजा २५० म्हणजे ८००. भागिले ४४. अठरा.

ओहायोमध्ये ॲन लाउक्स या संशोधिकेने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळी नियमित असलेल्या तरुण मुलींना पाच दिवस वेगवेगळ्या प्रमाणात खायला दिलं. हा आकडा ३० च्या खाली गेला की पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत व्हायला लागले. अवघ्या पाच दिवसांत. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाचं २५ वर निभावतं तर कुणाचं ३३ वर बिनसतं. पण १८ कुणालाच फार दिवस पेलत नाही.

१६५० वजा २५० म्हणजे १४००. भागिले ४४. बत्तीसच्या जरा आत. मॅडम तो आकडा दोनदा अधोरेखित करतात.

१.३०

मॅडमच्या घरी. कुकर लावलेला आहे, शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे. मुलगा शाळेतून तीनला येतो. मॅडम जमिनीवर बसून, मोबाईल पाटावर ठेवून लिहितात. दोनदा सगळं खोडतात. पहिल्या वेळी फार शास्त्र झालं म्हणून, दुसऱ्या वेळी फार समजूत काढणं झालं म्हणून. तिसऱ्यांदा लिहिलेलं पाठवतात. ताईंना विचारून ते इथे जसंच्या तसं देतोय.

‘ताई, १६५० बरोबर आहे. मी विचार करूनच बदललंय. शांतपणे वाचा, लोकलमध्ये उभ्याने नको.

तुम्हाला पाच किलो लवकर हवेत हे मला माहीत आहे. ते या दोन महिन्यांत होणार नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मनात आशा ठेवून वाचणार नाही.

तुमचं मेटाबोलिझम बंद पडलेलं नाही, तसं कुणाचंच पडत नाही. पण जुलैपासून शरीराने खर्च कमी केलाय. पावलं नऊ हजारांवरून साडेपाच हजारांवर आली. स्क्वॉट २० वरून १६ वर आला. हात गार पडतात. रात्री तीनला जाग येते. आणि पाळी. ही पाच कामं शरीराने आवरती घेतली, कारण आपण त्याला पुरेसं देत नव्हतो. अजून २०० कापले तर तुम्ही अजून कमी हलाल आणि शनिवार अजून लवकर येईल. काटा तिथेच राहील.

पाळी हा मुद्दा मी लग्नाच्या वर ठेवते आहे. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन कमी असतं आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. आज दिसत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून खाणं वाढवायला सांगितलंय. त्यांच्या सांगण्याचा आकडा मी काढला, तो १६५०.

आता भीतीचं. तुम्हाला वाटतंय ६०० वाढले म्हणजे चरबी वाढणार. तुमचा आठवड्याचा खरा आकडा ९४५० होता, शनिवार-रविवार धरून. आता सातही दिवस १६५० धरले तर ११५५० होतील. म्हणजे दिवसाला ३०० च वाढले. आणि तुमचं वजन जागच्या जागी ठेवणारा आकडा माझ्या अंदाजाने १८०० च्या जवळ आहे. आपण अजूनही त्याच्या खाली आहोत. खाली असूनही एक किलो चरबी चढायची तर जादाच्या ७७०० कॅलरी कुठून येणार?

तरी काटा चढेल. पहिल्या दहा दिवसांत अर्धा ते दीड किलो. भात-पोळी वाढली की स्नायूंत साखरेचा साठा परत भरतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं. शिवाय पोटात अन्नही जास्त असेल. हे वजन आहे, चरबी नाही. चरबीचं बघायचं तर टेप बघू. दर दुसऱ्या शनिवारी, बेंबीपाशी, मीच मोजणार.

काट्यावर रोज उभ्या राहा किंवा अजिबात नको. फक्त सोमवारी नको. सोमवारचा आकडा रविवारच्या मिठाचा असतो.

वाढवायचं काय: पहाटे इथे येण्याआधी एक केळं. डब्यात दुसरी पोळी, त्यावर अर्धा चमचा तूप. दुपारी वाटीभर दही. अंड्यातलं पिवळं टाकून देता ते खा, दोन्ही अंड्यांचं. ते पैसे तुम्ही आधीच दिलेत. रात्री मुगाच्या वरणाबरोबर वाटीभर भात. एवढं मिळून साधारण ६०० होतं. खर्च दिवसाला २५-३० रुपयांवर जाणार नाही. पावडर, गोळी काही घेऊ नका.

झुंबा तीनवरून एक दिवस. वजनं तशीच.

नवरात्राचे नऊ दिवस तुम्ही उपास करता. करू नका असं मी म्हणणार नाही. पण एक वेळचं खाणं आणि नुसतं फळ असं या वर्षी नको. भगर, दाण्याची आमटी, दही, दूध, राजगिऱ्याची भाकरी, दोन्ही वेळा पोटभर. नुसत्या साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. एका वेळचं काय खाल्लं ते मला पाठवा, मी हिशेब लावते.

माझं चुकतंय हे कसं कळेल, तेही सांगते. तीन आठवड्यांनंतरही सरासरी वजन चढत राहिलं आणि टेपही वाढला, तर मी १५० कमी करेन. टेप जागच्या जागी असेल तर काट्याला हात लावायचा नाही.

बरोबर चाललंय हे कसं कळेल: आधी झोप. मग हात. मग शनिवारी फरसाणाचा डबा न उघडता दुपार जाईल. मग २० किलोचं डंबेल. पाळी सगळ्यांत शेवटी येते, दोन-तीन महिनेही लागतात. नाही आली तर डॉक्टरांची तारीख ठरलेलीच आहे.

पाळी दोनदा वेळेवर आली की पुन्हा कमी करू. तेव्हा दिवसाला २०० ने, रोज सारखं, रविवारसकट. महिन्याला पाऊण किलो जाईल. पाच किलोंना सहा-सात महिने.

लग्नात साडीचा ब्लाउज आत्ताच्या मापानेच शिवा.’

२.२०

पाठवल्यावर मॅडम मोबाईल पालथा ठेवतात. वरण-भात, लोणचं. ‘शेवटची ओळ कडक झाली का?’ त्या विचारतात. मग स्वतःच म्हणतात, ‘पण शिंपी माप लगेच मागणार ना.’

मी पैशाचं विचारतो. ताई नाराज होऊन गेल्या तर? महिन्याचे ३ हजार जातील. अशा दोघी आधी गेल्यात, त्यांना दुसरीकडे महिन्यात सहा किलोचं पॅकेज मिळालं. एक परत आली, केस गळतायत म्हणून. मॅडम हे तक्रारीसारखं सांगत नाहीत. ताट उचलतात आणि धुवायला घेतात.

४.४५

संध्याकाळची बॅच. कॉलेजची मुलं, मग ऑफिसमधून परतलेली माणसं. डेडलिफ्टमध्ये एका मुलाची पाठ गोल होताना पाहून मॅडम दुरूनच ओरडतात. एका नवीन बाईंना बारशिवाय नुसतं खुर्चीवरून उठबस करायला लावतात. बाई विचारतात, एवढंच? मॅडम म्हणतात, आज एवढंच. निळ्या टिक्स आल्यात की नाही ते अधूनमधून बघतात. साडेपाचला आल्या. उत्तर नाही.

७.३०

काका संध्याकाळीही डोकावतात. काकूंनी तेलाची बरणी वजन करून दिली म्हणे, महिन्याला दोघांत अडीच लिटर. मॅडम कागदावरच हिशेब करतात. दोघांत वाटलं तर माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त कॅलरी, ज्या वहीत कधी आल्याच नाहीत. त्यात थोडं तेल कढईत आणि तळणात वाया जात असेल, तरीही. ‘बघा,’ त्या मला म्हणतात, ‘काट्यावर दोघांचं सारखंच दिसतं. वही उघडल्याशिवाय कुणाचं वाढवायचं आणि कुणाचं नाही, ते कळत नाही.’

९.२०

बार मोकळे, दिवे अर्धे. ताईंचा मेसेज येतो. तो लांब आहे. त्या लिहितात की आधी राग आला. मग लोकलमध्ये बसायला मिळालं तेव्हा दुसऱ्यांदा वाचलं. एकदम १६५० ची भीती वाटते, पहिला आठवडा १४०० वर राहिले तर चालेल का?

मॅडम विचार करतात. १४०० वजा २५०, भागिले ४४. सव्वीस. त्या व्हॉइस मेसेज करतात, कारण आता अंगठे दुखतायत.

‘ताई, झुंबा उद्यापासूनच कमी केला तर एक आठवडा १४०० चालेल. एकच आठवडा. पुढच्या बुधवारी १६५०. आणि शनिवार-रविवारही १४०० च, तेव्हा सोमवार ते शुक्रवार उपाशी राहून भरपाई करायची नाही.’

उत्तर लगेच येतं. ‘ठीक. आणि उद्यापासून स्टेशनला चालत जाते, पावलं वाढतील.’

मॅडम पुन्हा माईक दाबतात. ‘रिक्षा चालू ठेवा. दोन आठवडे दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते मला कळणार नाही. चालावंसं आपोआप वाटलं तर त्या दिवशी चाला, आणि मला कळवा.’